साठ लाखांचा पोर्टफोलिओ आणि अकरा लॉट: बीटावरून निफ्टी फ्युचर्सचं हेज कसं बांधायचं

३१ मे २०२४, शुक्रवार. निफ्टी २२,५३०.७० वर बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी लोकसभेच्या मतदानाचा शेवटचा टप्पा, संध्याकाळी एक्झिट पोल आणि मंगळवारी, ४ जूनला मतमोजणी. समजा त्या शुक्रवारी तुमच्याकडे साठ लाखांचे शेअर आहेत. जुने, चांगल्या नफ्यात असलेले. विकले तर कर भरावा लागेल, आणि पुन्हा घ्यायचे तेव्हा कुठल्या भावाने मिळतील याचा नेम नाही. शेअर हातातच ठेवायचे आहेत, पण येत्या चार दिवसांत बाजार जिकडे जाईल तिकडे फरपटत जायचं नाही.

अशा वेळी निफ्टीचे फ्युचर्स विकतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. अडतं ते ‘किती लॉट?’ या प्रश्नावर. तो हिशेब बीटावरून निघतो आणि पाच मिनिटांचा आहे. मात्र हेज फसतं ते त्या पाच मिनिटांत नव्हे. ते दोन जागी फसतं: ज्या बीटावर हिशेब बेतला तो कितपत खरा होता, आणि फ्युचर्सचा रोजचा तोटा भरायला बँकेत रोख पैसे होते का. म्हणून हिशेब पूर्ण करून दाखवतो, पण जास्त वेळ या दोन जागांवर थांबणार आहे. उदाहरणही त्याच आठवड्याचं घेतो, कारण हेजचा फायदा आणि त्रास दोन्ही त्या तीन दिवसांत दिसले. इंडेक्सचे आकडे खरे आहेत. पोर्टफोलिओ आणि त्यातले बीटा मात्र समजावण्यापुरते धरलेले.

## बीटा स्वतः काढा

निफ्टी एक टक्का हलला की तुमचा पोर्टफोलिओ सरासरी किती टक्के हलतो, तो आकडा म्हणजे बीटा. १.२ असेल तर निफ्टीच्या एका टक्क्याला तुमचा सव्वा टक्क्याच्या आसपास, ०.६ असेल तर निम्म्याहून थोडा जास्त.

वेबसाइटवर प्रत्येक शेअरसमोर बीटा छापलेला असतो. तो घेऊ नका. तो एका वर्षाचा की पाच वर्षांचा, रोजच्या भावांवरचा की महिन्याच्या, निफ्टीशी मोजलेला की सेन्सेक्सशी, हे बरेचदा लिहिलेलंच नसतं. एकाच शेअरचे तीन ठिकाणी तीन बीटा दिसतात ते यामुळेच. तुम्ही विकणार आहात निफ्टी, तेव्हा बीटाही निफ्टीशीच मोजलेला हवा, आणि सगळ्या शेअरांचा एकाच पद्धतीने.

मी दोन वर्षांचे साप्ताहिक बंद भाव घेतो. रोजचे घेतले तर कमी उलाढालीच्या शेअरांचा बीटा खोटा लहान दिसतो, कारण इंडेक्स आज हलतो आणि तो शेअर उद्या-परवा जागा होतो. महिन्याचे घेतले तर दोन वर्षांत चोवीसच नोंदी मिळतात, त्यावरून काही ठरवणं अवघड. साप्ताहिक घेतले तर १०४ परतावे मिळतात.

शीटमध्ये पहिल्या स्तंभात तारीख, दुसऱ्यात निफ्टी, तिसऱ्यात पोर्टफोलिओची किंमत. ही किंमत म्हणजे आज तुमच्याकडे जितके शेअर आहेत, त्या संख्येला त्या त्या आठवड्याच्या भावाने गुणून केलेली बेरीज. दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे काय होतं याच्याशी इथे देणंघेणं नाही. हेज आजच्या शेअरांचं करायचं आहे.

```
D3:      =B3/B2-1
E3:      =C3/C2-1
बीटा:     =SLOPE(E3:E106,D3:D106)
आर-वर्ग:  =RSQ(E3:E106,D3:D106)
```

`SLOPE` मध्ये आधी पोर्टफोलिओ, मग निफ्टी. हा क्रम उलटा पडला तर शीट तक्रार करत नाही, गुपचूप चुकीचा आकडा देते. आर-वर्ग म्हणजे पोर्टफोलिओच्या चढउतारातला किती भाग निफ्टीशी बांधलेला आहे ते सांगणारा, शून्य ते एकमधला आकडा. आपल्या उदाहरणात बीटा १.०६५ आणि आर-वर्ग ०.८१ आहे; क्रम उलटला तर उत्तर ०.७६ येतं आणि ते वरकरणी पटतंही. `RSQ` दोन्हीकडून सारखाच येतो, त्यामुळे त्यावरून चूक पकडता येत नाही. पडताळायची सोपी युक्ती अशी: निफ्टीचेच परतावे दुप्पट करून पोर्टफोलिओच्या स्तंभात टाका. उत्तर २ आलं तर क्रम बरोबर, ०.५ आलं तर उलटा.

दुसरा खड्डा बोनस आणि स्प्लिटचा. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला, एचडीएफसी बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये. अशा वेळी एका दिवसात भाव निम्मा होतो आणि शेअरांची संख्या दुप्पट. एक्सचेंजच्या भावपत्रकात भाव जसा झाला तसाच असतो, मागचे भाव जुळवलेले नसतात. ते तसेच उतरवून घेतले की त्या आठवड्यात शेअर पन्नास टक्के ‘पडलेला’ दिसतो, आणि एवढ्या एका नोंदीने बीटाही बिघडतो, आर-वर्गही. म्हणून बीटा काढण्याआधी प्रत्येक शेअरचे परतावे लहान ते मोठे असे लावून तळाचे दोन-तीन आकडे डोळ्यांखालून घालावेत. एका आठवड्यात उणे २५ च्या खाली काही दिसलं तर आधी बोनस-स्प्लिटची तारीख शोधा.

एकत्रित बीटा आला तरी मी प्रत्येक शेअरचा वेगळा बीटाही काढतो. जोखीम नेमकी कुठे बसली आहे ते त्याशिवाय कळत नाही.

| गट | किंमत (लाख) | बीटा | किंमत × बीटा (लाख) |
|---|---|---|---|
| खासगी बँक | १५ | १.१० | १६.५ |
| आयटी | १२ | ०.८० | ९.६ |
| इंजिनिअरिंग | १२ | १.२५ | १५.० |
| साबण-बिस्किटं | ९ | ०.६० | ५.४ |
| सरकारी बँक | १२ | १.४५ | १७.४ |
| एकूण | ६० | | ६३.९ |

६३.९ भागिले ६०, म्हणजे १.०६५. सरकारी बँकेत पैसा खासगी बँकेपेक्षा तीन लाखांनी कमी आहे, तरी निफ्टीच्या जोखमीत सगळ्यात मोठा वाटा तिचाच. शेवटच्या स्तंभातली ६३.९ लाखांची बेरीज म्हणजेच हेज करायची रक्कम. ब्रोकरकडे पडून असलेली रोकड आणि लिक्विड फंड यांचा बीटा शून्य, त्यामुळे ते या यादीत धरूच नका.

## लॉट किती

```
लॉट = बीटा × पोर्टफोलिओची किंमत ÷ (फ्युचर्सचा भाव × एका लॉटमधली संख्या)
    = 1.065 × 6000000 ÷ (22530.70 × 25)
    = 6390000 ÷ 563267.50
    = 11.34
```

त्या वेळी निफ्टीचा लॉट २५ चा होता. इथे फ्युचर्सच्या जागी इंडेक्सचाच बंद भाव घेतला आहे, हिशेब नीट दिसावा म्हणून. प्रत्यक्षात ज्या महिन्याचा करार विकणार त्याचा भाव घालायचा. ११.३४ लॉट कुणी विकत नाही, म्हणून ११.

आता, १२ का नको? बीटाच्या आकड्यात मुळातच किती अनिश्चितता आहे ते पाहिलं की हा वाद मिटतो. १०४ नोंदी आणि आर-वर्ग ०.८१ असताना १.०६५ या बीटाची प्रमाणचूक साधारण ०.०५ येते. दोन्ही बाजूंना तिच्या दुप्पट धरलं, तर खरा बीटा ०.९६ ते १.१७ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. साठ लाखांवर हा फरक दोन्ही बाजूंना सहा-सहा लाखांचा झाला, म्हणजे एका लॉटहून थोडा जास्तच. तेव्हा अकरा की बारा हे गणित ठरवत नाही. मी खाली ओढतो, कारण जास्तीचा लॉट विकला की माझा हेज राहत नाही, तेवढ्या भागापुरता मी मंदीवाला होतो. तिसऱ्या दशांशावर घासाघीस करणारे लोक पाहिले की मला हसू येतं. पहिल्या दशांशाचीच खात्री नसते.

सगळी जोखीम काढायची नसेल तर सूत्रातल्या बीटाच्या जागी ‘आहे तो उणे हवा तो’ असा फरक घाला. बीटा १.०६५ वरून ०.५० वर आणायचा असेल तर ०.५६५ × ६० लाख म्हणजे ३३.९ लाख, भागिले ५.६३ लाख, उत्तर ६ लॉट. निकालाच्या आठवड्यासारख्या वेळी मला हा अर्धा मार्ग जास्त पसंत आहे. का, ते पुढच्या भागात दिसेल.

एक लॉट कितीचा आहे ते मात्र दर वेळी तपासा. नोव्हेंबर २०२४ पासून नवे करार २५ ऐवजी ७५ चे झाले, आणि २०२६ च्या जानेवारी मालिकेपासून ६५ चे. याचा परिणाम मोठा आहे. निफ्टी २५,००० धरला तर ६५ चा एक लॉट सव्वासोळा लाखांचा पडतो. आपले ६३.९ लाख भागिले १६.२५ म्हणजे ३.९३, चार लॉट, नशिबाने जमलं. पण हेज करायची रक्कम २४ लाख असेल तर उत्तर दीड येतं. एक विकला तर तिसरा हिस्सा उघडा, दोन विकले तर तिसऱ्या हिश्श्याने जास्त. आणि एकूण पोर्टफोलिओच आठ-दहा लाखांचा असेल तर निफ्टी फ्युचर्स हे त्यासाठीचं हत्यारच नाही.

ऑर्डर टाकताना एक गोष्ट सांभाळा. प्रॉडक्टचा प्रकार `NRML` किंवा तुमच्या ब्रोकरकडे रात्रभर ठेवायच्या सौद्याला जे नाव असेल ते निवडा. `MIS` राहिलं तर बाजार बंद होण्याआधी सौदा आपोआप कापला जातो, आणि हेज आहे या समजुतीत तुम्ही निवांत झोपता.

## तीन दिवस

सोमवार, ३ जून. एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी ७३३.२० अंकांनी उसळून २३,२६३.९० वर बंद झाला. अकरा लॉट म्हणजे २७५ निफ्टी. त्या संध्याकाळी फ्युचर्सच्या खात्यात २,०१,६३० रुपये तोटा. शेअर वर गेले होतेच, पण ती वाढ कागदावर. तोटा मात्र रोख भरायचा.

मंगळवार, ४ जून. निकाल अपेक्षेपेक्षा वेगळे लागले आणि निफ्टी १,३७९.४० अंक पडून २१,८८४.५० वर आला, जवळपास सहा टक्के. फ्युचर्समध्ये एका दिवसात ३,७९,३३५ रुपये जमा.

शुक्रवारच्या बंदपासून मोजलं तर निफ्टी ६४६.२० अंक खाली. अकरा लॉटचा नफा १,७७,७०५. बीटाप्रमाणे पोर्टफोलिओ पडायला हवा होता सुमारे १,८३,३०० रुपयांनी. साडेपाच हजारांचा फरक उरला तो आपण सोडून दिलेल्या ०.३४ लॉटचा. कागदावर हेज असं चोख बसतं.

बुधवारी निफ्टी ७३५.८५ अंकांनी वर, २२,६२०.३५. फ्युचर्समधून २,०२,३५९ रुपये बाहेर. शुक्रवारी, ७ जूनला बंद २३,२९०.१५, म्हणजे जिथून सुरुवात केली त्याच्याही साडेसातशे अंक वर. तोपर्यंत ज्याने अकरा लॉट तसेच ठेवले त्याला फ्युचर्समध्ये एकूण २,०८,८४९ रुपये तोटा, आणि बीटाप्रमाणे शेअरांमध्ये सुमारे २,१५,४०० रुपये वाढ. आठवड्याअखेर तो होता तिथेच.

हे अपयश नव्हे. पूर्ण हेजचा अर्थच हा की पडझड गेली तशी वाढही गेली. पण सात जूनच्या संध्याकाळी शेजारी ‘माझे दोन लाख वाढले’ म्हणत असताना आपलं खातं जागच्या जागी पाहायला फार थंड डोकं लागतं. ते नसलेली माणसं बुधवारी सकाळी वैतागून हेज काढतात आणि पुढच्या घसरणीत उघडी सापडतात. म्हणून अर्धा मार्ग. शिवाय हेज घेतानाच ते कशासाठी आहे आणि कधी काढायचं, हे लिहून ठेवलेलं बरं. ‘मतमोजणीच्या दिवशी बाजार बंद होताना निम्मे, दुसऱ्या दिवशी उरलेले’ असं काहीतरी, भावावर नव्हे, तारखेवर बांधलेलं. भावावर बांधलं की ते हेज न राहता सट्टा होतो.

## सोमवार संध्याकाळचे दोन लाख

आता पहिल्या दिवसाकडे परत जाऊ, कारण खरी परीक्षा तिथे आहे.

फ्युचर्स विकायला मार्जिन लागतं. शांत दिवसांत ते कराराच्या किमतीच्या दहा टक्क्यांच्या थोडं वरच असतं. अकरा लॉटचे ६२ लाख, म्हणजे सात लाखांच्या आसपास. निवडणुकीसारख्या काळात ते वाढतं. हे मार्जिन सगळं रोख द्यायची गरज नाही, तुमचेच शेअर प्लेज करून काही भाग भागतो. प्लेज केलेल्या शेअरची पूर्ण किंमत मात्र धरत नाहीत, त्यात कपात असते, आणि रात्रभर ठेवायच्या सौद्याला निम्मं मार्जिन रोख किंवा रोखीसमान हवं असतं. नाहीतर कमी पडलेल्या रकमेवर ब्रोकर व्याज लावतो.

रोजचा तोटा ही निराळी गोष्ट. तो प्लेज केलेल्या शेअरांतून भागत नाही. दर संध्याकाळी हिशेब होतो आणि ती रक्कम रोखच द्यावी लागते. तीन जूनचे दोन लाख हे असे होते. ज्याच्याकडे मार्जिनपुरतेच पैसे होते त्याला त्या रात्री ब्रोकरचा मेसेज आला असणार. सकाळपर्यंत पैसे पोचले नाहीत तर ब्रोकर काही लॉट परत विकत घेऊन टाकतो. म्हणजे सोमवारच्या उच्चांकाजवळ हेज कापलं जातं आणि मंगळवारची १,३७९ अंकांची पडझड पोर्टफोलिओ उघड्यावर सोसतो. तोटा दोन्हीकडून.

माझ्या एका मावसभावाचं काही वर्षांपूर्वी अगदी असंच झालं होतं, लहान रकमेवर. हिशेब बरोबर, लॉट बरोबर, दिशाही शेवटी बरोबर ठरली. पैसे मुदत ठेवीत होते, आणि ती मोडायला शाखा उघडण्याची वाट पाहावी लागली. बाजार सव्वानऊला उघडतो, शाखा दहाला.

म्हणून माझा नियम: हेजच्या एकूण किमतीच्या पाच टक्के रक्कम, मार्जिन सोडून, ब्रोकरच्या खात्यात किंवा त्याच दिवशी हलवता येईल अशी बाजूला असायला हवी. इथे ६२ लाखांचे पाच टक्के, म्हणजे ३.१ लाख. तीन जूनला त्यातले दोन गेले असते, पण हेज टिकलं असतं. एवढे पैसे मोकळे नसतील तर लॉट कमी करा. अर्धवट पण टिकणारं हेज हे मध्येच कापल्या जाणाऱ्या पूर्ण हेजपेक्षा केव्हाही चांगलं.

## बीटा ज्यावर गप्प असतो

चार जूनचा चोख हिशेब ‘बीटाप्रमाणे’ होता. प्रत्यक्षात त्या दिवशी सगळे शेअर बीटाप्रमाणे वागले नाहीत. निफ्टी जवळपास सहा टक्के पडला तेव्हा निफ्टी पीएसयू बँक इंडेक्स सुमारे पंधरा टक्के पडला. हिंदुस्तान युनिलिव्हर मात्र त्या पडझडीतही वर होता. आपल्या तक्त्यातल्या सरकारी बँकेचा बीटा १.४५, म्हणजे बीटाच्या हिशेबाने पडझड ८.६ टक्के. ती पंधरा टक्के पडली असं धरलं आणि आदल्या दिवशीची वाढ बाजूला ठेवली, तर १२ लाखांवर पाऊण लाखाहून अधिक नुकसान असं, ज्याला निफ्टी फ्युचर्सने हातही लावला नाही.

हे किती होऊ शकतं याचा अंदाज आर-वर्गातून येतो, पण तो आकडा फसवा आहे. ०.८१ म्हटलं की वाटतं ८१ टक्के जोखीम गेली, १९ टक्के राहिली. ते खरं आहे, पण फरकाच्या वर्गाच्या भाषेत. खात्यातल्या रुपयांचा रोजचा चढउतार मोजायचा तर १९ टक्क्यांचं वर्गमूळ घ्यावं लागतं:

```
=SQRT(1-RSQ(E3:E106,D3:D106))
```

०.८१ ला हे उत्तर ०.४४ येतं. म्हणजे पूर्ण हेज करूनही मूळ चढउताराचे ४४ टक्के शिल्लक. आर-वर्ग ०.९५ असेल तर २२ टक्के. ०.५० असेल तर तब्बल ७१ टक्के, आणि तिथे एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही. माझ्यापुरती रेघ ०.७० वर आहे. त्याखाली आर-वर्ग असेल तर मी निफ्टी विकत नाही, नको असलेले शेअरच कमी करतो.

छोट्या कंपन्यांचा पोर्टफोलिओ हमखास या रेघेखाली जातो. २०१८ साल आठवा. वर्षभरात निफ्टी सुमारे तीन टक्के वर होता आणि निफ्टी स्मॉलकॅप १०० सुमारे २९ टक्के खाली. त्या वर्षी स्मॉलकॅपचं हेज म्हणून निफ्टी विकून बसलेल्याचे शेअरही पडले आणि फ्युचर्सनेही काही दिलं नाही. एकाच क्षेत्रात बरंच काही अडकलं असेल तर तोच प्रकार. पोर्टफोलिओत बँकाच जास्त असतील तर तेवढ्या भागाचा बीटा बँक निफ्टीशी काढा, आर-वर्ग दोन्हींचा ताडून बघा आणि ज्याचा जास्त येईल त्याचे फ्युचर्स विका.

## प्रीमियम आणि रोलओव्हर

फ्युचर्स बहुधा इंडेक्सच्या थोडे वर चालतात. या फरकालाच प्रीमियम म्हणतात: उरलेल्या दिवसांचं व्याज, त्यातून लाभांश वजा. निफ्टी २५,०००, व्याज साडेसहा टक्के आणि तीस दिवस बाकी असतील तर लाभांश सोडून सुमारे १३४ अंक. एक्स्पायरीला फ्युचर्स आणि इंडेक्स एकाच भावाला येतात, त्यामुळे बाजार जागचा हलला नाही तरी विकणाऱ्याला हे अंक मिळतात. पूर्ण हेज केलेला पोर्टफोलिओ म्हणूनच साधारण अल्प मुदतीच्या व्याजाइतकं कमावतो, जास्त नाही. लाभांशाच्या हंगामात, किंवा बाजार घाबरलेला असताना, प्रीमियम आटतो आणि कधी फ्युचर्स इंडेक्सच्या खालीही जातात. तेव्हा हेज घ्यायला हेच अंक खिशातून मोजावे लागतात. विकण्याआधी हा फरक नुसता पाहिला तरी हेज स्वस्त आहे की महाग, ते कळतं.

करार महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी संपतात. सप्टेंबर २०२५ आधी तो गुरुवार होता. हेज पुढे न्यायचं असेल तर चालू महिना विकत घ्यायचा आणि पुढचा विकायचा. हे शेवटच्या तासावर ठेवू नका, दोन-तीन दिवस आधी उरका. आणि रोलओव्हर म्हणजे फक्त महिना बदलणं नव्हे. त्या दिवशी पोर्टफोलिओची किंमत, फ्युचर्सचा भाव आणि बीटा तिन्ही नव्याने घालून लॉट पुन्हा मोजा. ज्या महिन्यात इंजिनिअरिंगचा शेअर पंधरा टक्के वाढला आणि आयटी तिथेच राहिला, त्या महिन्यात तुम्ही काही न करताही तुमचा बीटा वाढलेला असतो.

कराची बाजू थोडक्यात. फ्युचर्सचा नफा-तोटा धंद्याच्या उत्पन्नात धरला जातो, शेअरांचा भांडवली नफ्यात. त्यामुळे पडझडीच्या वर्षी फ्युचर्सच्या नफ्यावर स्लॅबप्रमाणे कर भरावा लागतो, आणि न विकलेल्या शेअरांमधला तोटा त्याच्यासमोर मांडता येत नाही. तीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाचे ते १,७७,७०५ रुपये करानंतर सव्वा लाखाच्याही खाली येतात. सल्लागाराशी बोलायचं तर सौद्याच्या आधी बोला.

शेवटी एक प्रसंग, जो हमखास निसटतो: हेज चालू असताना मध्येच शेअर विकणं. समजा चार जूनच्या पडझडीनंतर तुम्ही सरकारी बँक विकायचं ठरवलं. सोपं राहावं म्हणून शुक्रवारचेच आकडे घेतो: यादीतून १२ लाखच गेले, पण हेज करायच्या रकमेतून १७.४ लाख गेले. उरले ४६.५ लाख, भागिले ५.६३ लाख, म्हणजे ८.२६. आठ लॉट. उरलेले तीन त्याच दिवशी परत घ्यायचे. ते राहून गेले तर बुधवारी निफ्टी ७३५ अंक चढतो तेव्हा त्या तीन लॉटचे ५५ हजार रुपये खिशातून जातात, आणि त्यांच्या मागे आता कुठलाही शेअर उभा नसतो.